जलंब गेलं! : मित्रमंडळीतला आतला विनोद आणि बाहेरचा माणूस



या व्यासपीठावर विद्वान प्राध्यापक बोलून गेले आहेत. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि जिनिंगच्या फाटकाबाहेर झाले. चालकांनी निमंत्रण दिले तेव्हा आम्ही कामगार कायद्यावर बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही विषय कळविला तो मित्रमंडळीतल्या थट्टेचा. चालक जरा गोंधळले. पण आमच्या तीस वर्षांच्या संघटनेच्या कामात जी काही मोठी हानी आमच्या हातून झाली, तिच्यातली एक केवळ एका हसण्यामुळे झाली. म्हणून हा विषय आम्ही हलका मानीत नाही.

चार मित्र पुष्कळ दिवस एकत्र बसू लागले की त्यांच्यात काही शब्द असे तयार होतात की त्यांचा अर्थ कोणत्याही कोशात सापडत नाही. कोणी एक शब्द उच्चारतो आणि चौघे हसतात. शेजारच्या बाकावर बसलेला पाचवा इकडे तिकडे पाहतो. हा शब्द जन्मतो कसा, टिकतो कसा आणि पाचव्याला तो बोचतो का, एवढेच आज पाहावयाचे आहे. त्यासाठी आमच्याच कंपूतला एक शब्द घेतो.

खामगावहून जलंबपर्यंत जाणारा रेल्वेचा फाटा आपणा सर्वांना ठाऊक आहे. कापसासाठी 1870 साली उघडलेला, सुमारे 13 किलोमीटरांचा. गाडी खामगावला सुटते, जलंबला थांबते आणि तिथूनच उलट फिरते. शेगाव, अकोल्याकडे जाणाऱ्याने जलंबला उतरून मोठ्या लाइनीची गाडी धरावयाची. 1998 सालच्या हिवाळ्यात आम्ही पाच जण एका वाटाघाटीसाठी अकोल्याला निघालो होतो. कामगारांच्या सह्यांचे कागद एका थैलीत होते आणि थैली आमच्या एका फिटर मित्राच्या मांडीवर होती. रात्रपाळी करून आलेला तो गृहस्थ खिडकीपाशी बसल्याबरोबर झोपी गेला. झोपण्यापूर्वी एवढेच म्हणाला, "जलंब आलं की उठवा."

जलंब आले. पलीकडे अकोल्याची गाडी उभी, फलाटावर धावाधाव. प्रत्येकाला वाटले, दुसऱ्याने उठविले असेल. आम्ही चौघे अकोल्याच्या गाडीत चढलो; ती सुटल्यावर डोकी मोजली तर चारच. आमचा फिटर तसाच झोपेत, सह्यांच्या थैलीसह, उलट खामगावला गेला. तिथे डबा रिकामा झालेला पाहून एका शेंगदाणेवाल्याने त्याला हलविले. याने दोन बोटांनी डोळे चोळले आणि विचारले, "जलंब आलं का?" शेंगदाणेवाला म्हणाला, "आलं व्हतं. गेलं बी!"

आम्ही अकोल्यात कागदांवाचून फजीत झालो. त्या संध्याकाळी कोणीही हसले नाही, उलट बोलाचाली झाली. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आतला विनोद पुष्कळदा अशाच प्रसंगातून जन्मतो ज्यात प्रत्यक्ष घडताना काहीच गमतीचे नसते. चौथ्या दिवशी चहाच्या टपरीवर फिटरनेच ती हकीकत साग्रसंगीत सांगितली, शेंगदाणेवाल्याचा आवाज काढून, आणि मग आमची पोटे दुखली. हसल्याबरोबर आमची आपसातली अढीही गेली.

पुढे काय झाले ते पाहा. पहिल्या महिन्यात सांगायला दहा मिनिटे लागणारी ही हकीकत होती. दिवाळीपर्यंत तिचे एक वाक्य उरले: "आलं व्हतं, गेलं बी." वर्षभरात दोन शब्द उरले: "जलंब गेलं." आणि अखेर शब्दही गळाले, कोणी नुसते दोन बोटांनी डोळे चोळले तरी आम्ही हसू लागलो. शब्द आखडत गेले तसा अर्थ मात्र फैलावत गेला. कोणाला कोटी उशिरा कळली, जलंब गेलं. अर्जाची मुदत टळली, जलंब गेलं. कोणाचे भाषण मुद्दा संपल्यावरही चालूच राहिले, जलंब गेलं. आगगाडीशी त्याचा काही संबंध उरला नाही. हीच आतल्या विनोदाची चाल आहे: हकीकत लहान होत जाते, उपयोग मोठा होत जातो आणि बाहेरच्याला धरण्यासाठी जो धागा हवा, तो नेमका कापला जातो.

आता कोणी म्हणेल की फजितीचे प्रसंग तर रोज घडतात, मग सगळ्यांचे असे शब्द का होत नाहीत? या प्रश्नाचे चांगले उत्तर आम्हांस गॅरी ॲलन फाइन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाच्या लिखाणात मिळाले. त्याने मुलांच्या बेसबॉल संघांचा मुक्काम ठोकून अभ्यास केला आणि 1979 साली लिहिले की प्रत्येक लहान गटाची स्वतःची एक छोटी संस्कृती असते. एखादी गोष्ट तिच्यात टिकण्यासाठी पाच चाळण्यांतून जावी लागते. ती सर्वांना माहीत हवी. चारचौघांत उच्चारता येण्याजोगी हवी. गटाच्या काही कामी यावी. गटातल्या मानापानाला धक्का देणारी नसावी. आणि ती पुन्हा आठवावी असा प्रसंग वारंवार यावा.

जलंबची गोष्ट या पाचही चाळण्यांतून गेली. ती पाचांनाही ठाऊक होती. बायकामुलांसमोर बोलता येण्यासारखी होती. लांबलेले भाषण भांडण न करता थांबविण्याची आम्हांस फार गरज होती, ते काम तिने केले. फिटर हा सर्वांचा लाडका, शिवाय स्वतःवर हसणारा, म्हणून कोणाचा मान गेला नाही. आणि उशीर करणारे लोक संघटनेत कधीच कमी नसतात, त्यामुळे तिला रोज निमित्त मिळाले.

त्याच सुमारास दुसरी एक थट्टा मात्र दोन दिवसांत मेली. आमचे खजिनदार वयाने वडील होते. एकदा वर्गणीच्या हिशेबात दोन रुपये कमी आले. कोणीतरी चहाचे पैसे देताना म्हणाले, "दादा, ते दोन रुपये काढा आता!" सगळे हसले, दादा हसले नाहीत. त्यांनी खिशातून दोन रुपये काढून मेजावर ठेवले आणि ते उठून गेले. ज्या माणसाची सारी पत त्याच्या प्रामाणिकपणावर उभी, त्याच्याशी ही थट्टा चालणार नव्हती. ती चौथ्या चाळणीत अडकली. पुढे कोणी ते शब्द उच्चारले नाहीत.

कामगारांच्या जगात याहून मोठा दाखला आहे. डोनाल्ड रॉय नावाच्या एका अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने एका कारखान्यात स्वतः मजूर म्हणून यंत्र चालविले आणि तो अनुभव 1959 च्या सुमारास प्रसिद्ध केला. एका खोलीत तीन वयस्क कामगार आणि चौथा हा. तोच दट्ट्या, तोच तुकडा, तासन्‌तास. दिवस कसा सरावा? सॅमी नावाचा कामगार डब्यात रोज एक केळे आणी. सकाळी ठराविक वेळी आइक नावाचा दुसरा ते चोरी, "केळ्याची वेळ झाली!" असे ओरडे आणि खाऊन टाकी. सॅमी आरडाओरडा करी. तिसरा, जॉर्ज, जो त्यांच्यात मुख्य, तो आइकला दटावी. हे रोज चाले. सॅमी रोज केळे आणी आणि ते त्याच्या तोंडी कधी पडत नसे. रॉयला सुरुवातीचे काही दिवस हा सारा पोरकटपणा वाटला, त्यात त्याला काही अर्थच दिसेना. म्हणजे मनुष्यस्वभावाचा अभ्यास हाच ज्याचा धंदा, तोही प्रथम बाहेरचाच होता! हळूहळू त्याला उमगले की या ठरलेल्या थट्टांनी कंटाळवाण्या दिवसाचे तुकडे पाडले जातात आणि तो सुसह्य होतो.

पण गोष्ट इथे संपत नाही. जॉर्जच्या मुलीचे लग्न एका प्राध्यापकाच्या मुलाशी झाले होते. आपला व्याही प्राध्यापक आहे याचा जॉर्जला फार अभिमान. एके दिवशी रॉयने, आता आपण आतले झालो या भरवशावर, आइकला हाताशी धरून एक थाप मारली की आम्ही त्या प्राध्यापकाला केशकर्तन शिकविणाऱ्या शाळेत शिकवताना पाहिले. जॉर्ज गप्प झाला. मग खोलीच गप्प झाली. केळ्याची वेळ बंद, बाकीच्या साऱ्या वेळा बंद. पुष्कळ दिवस माणसे एकमेकांशी नुसती कामापुरती वागत राहिली, आणि दिवस पुन्हा पूर्वीसारखा लांबलचक झाला. समेट पुढे झाला. आमचे खजिनदार आणि हा जॉर्ज यांच्यामध्ये सात समुद्र आहेत, पण दुखलेली नस एकच आहे.

इथपर्यंत आतल्यांचे झाले. आता बाहेरच्याकडे वळू.

2011 साली कंत्राटी हंगामी कामगारांपैकी एक तरुण आमच्या बैठकीला येऊ लागला. बावीस-तेवीस वर्षांचा, घाटाखालच्या एका खेड्यातला. बोलायला बुजरा, पण माणसे त्याच्यावर विश्वास ठेवीत. तिसऱ्या बैठकीत तो प्रथमच उभा राहिला. त्याच्यासारख्या जवळजवळ तीस जणांच्या मजुरीतून फंडाचे पैसे कापले जात होते, पण ते जमा होत नव्हते, असा त्याला संशय होता. हे सांगायला त्याने सुरुवात अगदी पहिल्यापासून केली: कोणाच्या ओळखीने कामावर लागलो, मुकादम काय म्हणाला, पहिला पगार कधी झाला. रात्र झाली होती. आमच्यातल्या एकाने, कोणतेही वाईट मनात नसता, दोन बोटांनी डोळे चोळले. दोघे हसले. लपवून सांगण्यात अर्थ नाही, त्या दोघांत एक आम्ही होतो.

तरुण थांबला. म्हणाला, "माह्यं काई चुकलं का?"

आम्ही म्हणालो, "नाही, नाही. ते आमचं जुनं आहे. तू बोल."

तो दोन वाक्ये बोलला आणि बसला. पुढच्या बैठकीला आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. आम्हांस वाटले, पोरगा कामात असेल. जिनिंगचा हंगाम दिवाळीनंतर चढतो आणि उन्हाळ्यापर्यंत उतरतो. हंगाम उतरला, माणसे पांगली. कोणी सुरतेकडे गेले, कोणी ऊसतोडीच्या टोळीत गेले. पुढल्या हंगामात दुसऱ्याच कोणाकडून आमच्या कानावर आले की पोराचा संशय खरा होता. तोपर्यंत मजुरीच्या चिठ्ठ्या हरवल्या होत्या. दाव्यासाठी सह्या हव्या होत्या तर त्या तीस माणसांपैकी निम्मीही सापडली नाहीत. जी सापडली त्यांच्यासाठी आम्ही झगडलो. बाकीच्यांचे पैसे बुडाले.

आम्ही त्या तरुणाच्या गावी गेलो. त्याने पाणी दिले, चहा केला. राग वगैरे काही नव्हता. विचारले तेव्हा म्हणाला, "दादा, तुमी हासले त्याचं मले काई वाटलं नाई. कायले हासले ते समजलं नाई, अन् इचारलं तरी तुमी सांगतलं नाई."

हे वाक्य आम्ही पुष्कळ दिवस मनात घोळवले. बाहेरच्याला दुःख होते ते हसण्याचे, असा आमचा समज होता. तसे ते नाही. कारण पाहा: मनुष्य एकटा असताना फार थोडा हसतो. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या शास्त्रज्ञाने बाजारांत, रस्त्यांवर लोकांचे हसणे टिपून ठेवले. त्याला दिसले की एकट्यापेक्षा सोबतीत मनुष्य कितीतरी पटींनी अधिक हसतो, आणि बहुतेक हशा विनोदाच्या मागून न येता "बरं, भेटू मग" यासारख्या साध्या वाक्यांच्या मागून येतो. म्हणजे हसणे हे मुख्यतः "आपण एक आहोत" हे सांगण्याचे साधन आहे. तेव्हा ज्याच्या समोर कारण न दिसता दोघे हसतात, त्याच्या कानावर एवढेच पडते की हे दोघे एक आहेत. मग तो कारण शोधतो. खोलीत त्या क्षणी बोलणारा तोच, उभा तोच, नवा तोच. त्याला सापडणारे कारण तो स्वतःच असतो. तरीसुद्धा त्याने धीर करून विचारले. ते विचारणे म्हणजे दारावरची थाप होती. आणि "ते आमचं जुनं आहे" हे आमचे उत्तर म्हणजे आतून लावलेली कडी होती. "आमचं" या शब्दात तू नाहीस हे आले. "जुनं" या शब्दात तू आता कितीही धावलास तरी पोचणार नाहीस हेही आले. आम्ही त्याला धीर देण्यासाठी जे बोललो, त्यानेच त्याला घालविले.

बाहेरचा माणूस तुटत चालला हे ओळखावे कसे? तो न हसला तर काळजी नाही. तो अर्धा क्षण उशिरा हसतो, इतरांच्या तोंडाकडे पाहून हसतो, आणि हसून झाल्यावर काहीच विचारीत नाही, तेव्हा समजावे की त्याने विचारणे सोडले आहे. पहिल्या दिवशी विचारणारा दहाव्या दिवशी विचारीत नसेल तर तो रुळला असे आम्ही समजतो; पुष्कळदा तो निघालेला असतो.

मग मित्रांनी आपले शब्द टाकून द्यावेत काय? मुळीच नाही. ज्या मंडळीत एकही असा शब्द नाही, ती मंडळी अजून मित्र झालेली नाहीत. आणि प्रत्येक थट्टेचा अर्थ उलगडीत बसले तर तिचा भुगा होतो, हेही खरे. यातून वाट कशी काढावी, ते आपल्याच जिल्ह्यात राहून गेलेल्या एका वकिलाने फार पूर्वी दाखविले आहे.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी खामगाव आणि जळगाव जामोद येथे वकिली केली. 1902 साली त्यांचा "साक्षीदार" हा लेख प्रसिद्ध झाला आणि मराठीतील विनोदी लेखनाची एक नवी वाट पडली. "सुदाम्याचे पोहे" या त्यांच्या लेखांत तीन मित्र पुन्हा पुन्हा भेटतात: सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या. नीट पाहिले तर हाही एक कंपूच आहे. पण वाचक बाहेर राहात नाही. का? कारण प्रत्येक प्रसंग त्याच्यासमोर पहिल्यापासून घडतो. तीन मित्र काय करावयास निघाले, कशी फजिती झाली, हे सर्व तो स्वतः पाहतो. दोन-चार लेख झाले की त्या तिघांच्या खोडी त्याच्या ओळखीच्या होतात, आणि पुढे पांडुतात्यांचे नाव आले की तो अगोदरच हसू लागतो. लेखकाने त्याला विनोदाचा अर्थ सांगितला नाही, विनोदाचा इतिहास दिला. तो चौथा मित्र झाला. राम गणेश गडकरी कोल्हटकरांना गुरू मानीत. त्यांनी पुढे बाळकराम या नावाने आपली स्वतःची विनोदी मंडळी उभी केली. आत घेतलेला वाचक कुठवर जातो, त्याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

हेच आम्ही आता संघटनेत करतो. एक, कामाच्या बैठकीत, कोणी आपले गाऱ्हाणे मांडीत असता, जुना शब्द आणि जुनी खूण बंद. टपरीवर हवे तेवढे हसा. दोन, नवा माणूस आला की पहिल्याच चहाला जलंबची हकीकत पूर्ण सांगायची, शेंगदाणेवाल्यासकट. आणि ती फिटरनेच सांगायची. ज्याची फजिती झाली त्याच्या तोंडून ऐकली म्हणजे नव्याला कळते की इथे हसले जाणे म्हणजे हाकलले जाणे नव्हे. तीन, मग वाट पाहायची. एके दिवशी तो नवा माणूस स्वतः कोणाला तरी "जलंब गेलं" म्हणतो. त्या वेळी मोठ्याने हसायचे. तो शब्द त्याने आमच्यावर वापरला, की तो आत आला.

याला मर्यादा आहे, तीही सांगतो. ऐकलेली हकीकत भोगलेल्या हकीकतीइतकी कधीच होत नाही. त्या गाडीत आम्ही पाचच होतो आणि त्यांतले दोघे आता या जगात नाहीत. नव्यांना ती आमच्याइतकी हसवत नाही आणि हसवूही नये. त्यांची स्वतःची जलंबे त्यांना मिळतील, आणि तेव्हा त्यांच्या बाकावर आम्ही बाहेरचे असू. त्या वेळी "काय रे, कशाला हसता?" असे विचारण्याची लाज वाटू नये, एवढेच आम्ही स्वतःला बजावून ठेवले आहे.

तो तरुण संघटनेत परत आला नाही. भेटतो, बोलतो, पण बैठकीला येत नाही. त्याची ती मर्जी आहे, आणि त्याने दिलेला धडा मात्र आमच्याकडे राहिला.

सभ्य स्त्रीपुरुषहो, पाठीमागच्या रांगेत एका गृहस्थांनी आताच डोळे चोळलेले आम्ही पाहिले. त्यांना खरोखर झोप आली असेल, किंवा ते आता आमच्यातले झाले असतील. दोन्ही अर्थ आता आपणा सर्वांना कळतात. तेव्हा जलंब जाण्यापूर्वी आम्ही उतरतो. नमस्कार.